एका शेताची तीन शेतं

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट्रॅलिया या गावाजवळ ३६ हेक्टरचं, म्हणजे जवळजवळ ९० एकरांचं एक शेत आहे. रस्त्यावरून पाहिलं तर ते सपाट आणि एकसारखं दिसतं. एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन, असा तिथला नेहमीचा क्रम. या शेतात अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन सेवेतले शास्त्रज्ञ १९९०च्या दशकापासून मोजमापं घेत आले. न्यूएल किचन आणि केनेथ सडथ ही त्यांच्यातली प्रमुख नावं. एका शेताचे वेगवेगळे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळ्या मापाने खत देण्याची जी पद्धत आज जगभर चर्चेत आहे, तिची अनेक गणितं याच मातीत तपासली गेली.

वरून एकसारख्या दिसणाऱ्या या शेताचा खरा फरक जमिनीखाली आहे. वर भुसभुशीत पोयट्याचा थर आणि त्याच्याखाली अचानक लागणारा, निम्म्याहून अधिक चिकणमाती असलेला घट्ट थर, अशी ही जमीन. मुळं त्या थरात कष्टाने शिरतात, पाणी तर त्याहूनही सावकाश. वरच्या पोयट्याची जाडी मात्र सगळीकडे सारखी नाही. कुठे ती वीतभरसुद्धा नाही, तर कुठे एक मीटरच्या पुढे जाते. उतारावरची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीने वाहून गेली आणि खोलगट भागात साचली, हे त्याचं मोठं कारण. म्हणजे शेतकरी बियाणं एक, खत एक आणि मशागतही एक देतो, पण पिकाच्या मुळांपुरतं बोलायचं तर ती दोन-तीन निरनिराळी शेतं असतात.

ही जाडी समजायला जागोजागी खणणं हा सरळ उपाय, पण ९० एकरांत किती खड्डे घेणार? म्हणून विजेची मदत घेतात. चिकणमातीतून वीज सहज वाहते आणि वाळूतून किंवा पोयट्यातून तितकीशी वाहत नाही. ट्रॅक्टर किंवा पिकअपच्या मागे एक सांगाडा जोडतात. त्याला पोलादी तव्या असतात आणि त्या जमिनीत काही सेंटिमीटर रुतून फिरतात. दोन तव्यांतून विजेचा प्रवाह जमिनीत सोडतात आणि बाकीच्यांवर विद्युतदाबाचा फरक मोजतात. तव्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकं मोजमाप खोलवरचं, म्हणून एकाच फेरीत वरच्या साधारण ३० सेंटिमीटरचं आणि ९० सेंटिमीटरपर्यंतचं असे दोन आकडे मिळतात. जमिनीला न टेकता चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने हेच मोजणारी उपकरणंही आहेत. दर सेकंदाला एक नोंद होते आणि तिला जीपीएसची जागा चिकटते. दहा-पंधरा मीटर अंतराने फेऱ्या मारल्या की शेताचा विद्युतवाहकतेचा नकाशा हाती येतो.

हा नकाशा वाचताना आपल्याकडच्या वाचकाची चूक होऊ शकते. ‘भारी’ जमीन म्हणजे चिकणमाती जास्त, ओल धरणारी, म्हणजे चांगली, असं आपण गृहीत धरतो. सेंट्रॅलियात नेमकं उलट आहे. वाहकता जास्त, म्हणजे चिकणमातीचा थर पृष्ठभागाजवळ आलेला, म्हणजे वरचा पोयटा उथळ, म्हणजे कोरड्या वर्षी मका करपणार. एखाद्या वाळूसरा भागात मात्र जास्त वाहकतेची जागाच उत्तम ठरते, कारण तिथे ओल टिकते. आणि जमीन खारवट असेल तर जास्त वाहकता म्हणजे मीठ, पिकाचा शत्रू. एकाच आकड्याचे हे तीन अर्थ झाले. त्यामुळे नकाशा तयार झाल्यावर त्यावरच्या कमी, मध्यम आणि जास्त वाहकतेच्या काही जागा निवडून तिथे नळीने मातीचा उभा नमुना काढून पाहावाच लागतो. तो काढला नाही तर नकाशावरचे रंग नुसते रंग राहतात.

मोजणीची वेळही महत्त्वाची. जमीन वाफशावर असताना मोजणी चांगली होते, कारण कोरड्या ढेकळांत तव्यांना नीट स्पर्श मिळत नाही. मातीचं तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता जवळपास दोन टक्क्यांनी वाढते, आणि ओल वाढली तरीही वाढते. त्यामुळे आकडे दर वेळी बदलतात, पण कुठे जास्त आणि कुठे कमी ही मांडणी सहसा तशीच राहते. अडचण येते ती अर्धं शेत आज आणि उरलेलं पावसानंतर मोजल्यावर. मग नकाशाच्या मधोमध एक सरळ रेषा उमटते. नकाशात सरळ रेषा दिसली की आधी संशय मोजणीवर घ्यावा. कधीकधी मात्र ती रेषा खरी निघते, कारण तिथे पूर्वी कुंपण होतं आणि दोन बाजूंची शेती वेगळ्या माणसांनी वेगळ्या तऱ्हेने केली होती.

दुसरा नकाशा उत्पादनाचा. अमेरिकेत मका-सोयाबीन कापणाऱ्या कंबाईन यंत्रात दाणे वर नेणारी साखळी असते. तिच्या टोकाशी एक पत्रा बसवलेला असतो. दाणे त्यावर आदळतात आणि आघाताच्या जोरावरून दर सेकंदाला किती धान्य आलं हे कळतं. जवळच दाण्यांतली ओल मोजली जाते. यंत्राचा वेग आणि कापणीची रुंदी माहीत असते, म्हणून त्या क्षणी त्या जागेचं हेक्टरी उत्पादन काढता येतं.

ऐकायला सोपं, पण कच्चा नकाशा जसाच्या तसा वापरण्यालायक नसतो. कणीस कापलं जाण्यापासून त्याचे दाणे पत्र्यावर आदळेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. ताशी सहा किलोमीटर वेगाने यंत्र १२ सेकंदांत २० मीटर पुढे गेलेलं असतं. हा उशीर हिशेबात नीट धरला नाही तर प्रत्येक नोंद २० मीटर पुढे सरकते. शेजारची ओळ उलट दिशेने कापली जाते, म्हणून तिच्या नोंदी दुसरीकडे २० मीटर सरकतात. त्यामुळे चांगल्या आणि वाईट भागांमधली सीमा करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि चूक ओळखायची खूणही तीच. ओळीच्या सुरुवातीला यंत्र अजून भरत असतं, तेव्हा उत्पादन खोटं कमी दिसतं. शेवटच्या अरुंद पट्ट्यात अर्ध्याच रुंदीचं पीक कापलं जातं, पण यंत्र पूर्ण रुंदी धरतं, तेव्हाही तसंच होतं. हे असले आकडे वेचून काढण्यासाठी सडथ आणि त्यांचे सहकारी स्कॉट ड्रमंड यांनी ‘यील्ड एडिटर’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. विभाग पाडायच्या गणितावर लोक फार बोलतात, पण माझ्या मते या कामाचा कणा ही साफसफाई आहे. घाणेरड्या नकाशावर गणित चालवलं तर तेही विभाग पाडून देतं आणि ते विभाग दिसायलाही छान असतात.

साफ झालेल्या नोंदी एका समान जाळीवर आणतात. समजा १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन घेतले, तर आपल्या शेताचे ३,६०० होतात. प्रत्येक चौकोनाला वाहकतेचा आकडा आणि दर वर्षाच्या उत्पादनाचा आकडा मिळतो. पण मक्याचे हेक्टरी नऊ टन आणि सोयाबीनचे तीन टन यांची थेट सरासरी काढता येत नाही. म्हणून दर वर्षी त्या वर्षीच्या शेताच्या सरासरीला १०० धरतात. सरासरी सात टन असलेल्या वर्षी एखाद्या चौकोनात पाच टन आले असतील तर त्याचा आकडा ७१. आता मका आणि सोयाबीन एकाच मापावर आले.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो या विषयाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो. कोरड्या वर्षी सेंट्रॅलियाच्या उथळ जमिनीत मका मार खातो आणि खोलगट भागात चांगला येतो. पाऊस भरपूर झाला की उथळ जमिनीला ओलीची कमतरता भासत नाही, आणि खोलगट भाग पाणथळ होऊन तिथलं पीक पिवळं पडतं. समजा एखाद्या खोलगट चौकोनाचे आकडे तीन कोरड्या वर्षांत १२५ आणि तीन ओल्या वर्षांत ७५ असे आहेत. सहा वर्षांची सरासरी १०० येईल. सरासरी सांगेल, ‘ही जागा मध्यम आहे.’ खरं तर ती कधीच मध्यम नसते. म्हणून सरासरीबरोबर वर्षावर्षातला चढउतारही गणितात घालावा, किंवा कोरडी आणि ओली वर्षं वेगळी धरावीत. दोन-तीन वर्षांच्याच नकाशांवर विभाग पाडले तर त्या वर्षांच्या पावसाचे विभाग पडतात, मातीचे नव्हे. वाहकतेचा नकाशा सोबत घेण्याचं कारणही हेच. मातीचा थर दर वर्षी बदलत नाही, म्हणून उत्पादनाच्या चंचल नकाशाला तो टेकू देतो.

आता गट पाडण्याकडे येऊ. त्यातली कल्पना साधी आहे. समजा तीन गट हवेत. संगणक आधी अंदाजाने तीन मध्यबिंदू धरतो. एक ‘कमी वाहकता, जास्त उत्पादन’, दुसरा ‘मध्यम, मध्यम’ आणि तिसरा ‘जास्त वाहकता, कमी उत्पादन’, असं समजा. मग ३,६०० चौकोनांपैकी प्रत्येक चौकोन कुठल्या मध्यबिंदूच्या जवळ आहे ते पाहतो आणि त्या गटात टाकतो. गट झाले की प्रत्येक गटाची खरी सरासरी काढून मध्यबिंदू तिथे सरकवतो आणि पुन्हा वाटणी करतो. मध्यबिंदू हलायचे थांबले की काम संपलं. हे ‘जवळ’ मोजण्याआधी दोन्ही मापं एका पातळीवर आणावी लागतात, नाहीतर ज्याचे आकडे मोठे तेच सगळा निकाल ठरवतं. म्हणून प्रत्येक आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहे, या रूपात लिहितात.

मिसुरीच्या गटाने ‘मॅनेजमेंट झोन ॲनालिस्ट’ नावाचं सॉफ्टवेअर केलं. जॉन फ्रिजेन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यातली पद्धत थोडी सैल आहे. एखादा चौकोन पूर्णपणे एकाच गटाचा असं न म्हणता ती पहिल्या गटाशी ०.७, दुसऱ्याशी ०.२ आणि तिसऱ्याशी ०.१ असं नातं सांगते. सीमेवरच्या गावात जशी दोन्ही भाषांची सरमिसळ असते, तशी माती एका प्रकारातून दुसऱ्यात हळूहळू बदलते, म्हणून ही पद्धत तिला जास्त शोभते. किती गट पाडायचे हेही ते सॉफ्टवेअर सुचवतं. दोन गटांपासून सुरुवात करून गट वाढवत जायचे आणि प्रत्येक वेळी सरमिसळ किती उरली आहे याचे दोन निर्देशांक पाहायचे. ते जिथे सर्वांत कमी, ती संख्या घ्यायची. निर्देशांकांचं एकमत झालं नाही तर मी कमी गट घेईन, कारण प्रत्येक गटाचे मातीचे नमुने वेगळे काढायला पैसे लागतात. याच मंडळींच्या आधीच्या अभ्यासात दिसलं होतं की योग्य गटांची संख्या त्या वर्षीच्या हवामानावर आणि पिकावरही अवलंबून असते.

या गणिताला नकाशा मात्र दिसत नाही. कुठला चौकोन कुठल्याच्या शेजारी आहे हे त्याला माहीत नसतं, त्याला फक्त आकडे कळतात. त्यामुळे हिरव्या विभागात एकेकटे लाल चौकोन विखुरलेले दिसतात. खत फेकणाऱ्या यंत्राचा पट्टा १८-२० मीटर रुंद असतो आणि मात्रा बदलायला त्याला काही सेकंद लागतात. १० मीटरच्या एकट्या चौकोनासाठी ते थांबणार नाही. म्हणून शेजारच्या बहुसंख्य चौकोनांचा रंग देऊन असे ठिपके पुसतात आणि सलग मोठे विभाग करतात. हे संपादन आहे, त्याला विज्ञानाचा मुलामा देऊ नये.

विभाग खरे आहेत की नुसते देखणे, हे तपासायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे एक वर्ष बाजूला ठेवणं. सात वर्षांचे नकाशे असतील तर सहांवर विभाग पाडायचे आणि सातव्या वर्षाचं उत्पादन त्या विभागांत खरंच वेगळं पडतं का ते पाहायचं. किचन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दुसऱ्या बाजूने तपासलं. केवळ वाहकता आणि जमिनीची उंची यांवरून पाडलेले विभाग, अनेक वर्षांच्या उत्पादनावरून पाडलेल्या विभागांशी किती जुळतात? उत्तर आलं, ६० ते ७० टक्के. म्हणजे उत्पादनाचे नकाशे नसलेला शेतकरीसुद्धा एका दिवसाच्या मोजणीवर बरंच पुढे जाऊ शकतो. पण शेताचा तिसरा हिस्सा चुकीच्या खान्यात पडण्याची तयारी त्याने ठेवावी.

इथपर्यंत आपल्याकडे विभाग आहेत, खताचं माप नाही. आणि कमकुवत विभागाला खत जास्त द्यायचं की कमी, या प्रश्नावर बहुतेकांची गाडी घसरते. कोणी म्हणतं, ‘अशक्त आहे, जास्त द्या.’ कोणी म्हणतं, ‘तिथे पिकतंच नाही, कमी द्या.’ उत्तर प्रत्येक अन्नद्रव्यासाठी वेगळं आहे.

स्फुरद पाहू. एक टन मक्याचे दाणे शेताबाहेर गेले की त्यांच्याबरोबर साधारण सहा ते आठ किलो स्फुरद (खताच्या भाषेतलं फॉस्फेट) जातं. हिशेबाला सात किलो धरू. समजा चांगल्या विभागात हेक्टरी दहा टन मका येतो, उथळ विभागात सहा टन, आणि शेतकरी आठ टनांच्या सरासरीने सगळीकडे ५६ किलो देतो. चांगला विभाग ७० किलो देऊन टाकतो आणि त्याला ५६ मिळतात, म्हणजे दर पिकाला १४ किलोंची तूट. उथळ विभाग ४२ किलो देतो आणि त्याला ५६ मिळतात, म्हणजे १४ किलोंची शिल्लक. मक्याची दहा पिकं झाली की एकीकडे हेक्टरी १४० किलो कमी आणि दुसरीकडे तितकेच जास्त. सर्वांत जास्त पिकणारी जागा उपाशी राहते, आणि जिथे पिकत नाही तिथे स्फुरद साचत जातं. ती माती उताराची असेल तर पावसाबरोबर ते ओढ्यात उतरतं. प्रत्येक विभागातून १५-२० ठिकाणची माती घेऊन तिचा एक एकत्र नमुना प्रयोगशाळेत पाठवला की हा फरक कागदावर दिसतो. स्फुरद, पालाश आणि चुना यांच्यासाठी विभाग चांगले काम देतात, कारण ही द्रव्यं जिथे टाकली तिथे बऱ्यापैकी थांबतात.

नत्राचं तसं नाही. जास्त पीक म्हणजे जास्त नत्र हवं, हा समज इतका रुळला आहे की अनेक विभाग-नकाशांवर मापं त्याच आधारे छापली जातात. मिसुरी विद्यापीठातले पीटर शार्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मक्याच्या शेतांत हे तपासलं. एखाद्या जागेचं उत्पादन हे तिथल्या योग्य नत्राच्या मात्रेचं कमकुवत सूचक आहे, असा निष्कर्ष निघाला. कारण समजण्यासारखं आहे. खोल, सुपीक जागेत माती स्वतःच नत्र पुरवते. पाणथळ जागेत दिलेलं नत्र वायू होऊन उडतं. त्यामुळे दहा टनांच्या जागेला कधी कमी नत्र पुरतं आणि सात टनांच्या जागेला जास्त लागतं. विभागाला किती नत्र हवं हे त्या विभागालाच विचारावं लागतं. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्या विभागांना छेदून जाणारे काही पट्टे आखायचे. एका पट्ट्यात शून्य नत्र, एकात निम्मं, एकात नेहमीचं, एकात दीडपट. कापणीच्या नकाशात प्रत्येक विभागाचा प्रतिसाद वेगळा वाचता येतो. दोन पट्ट्यांत फरक दिसला नाही तर वरचं खत वाया गेलं. असे पट्टे दोन-तीन हंगाम घातल्याशिवाय नत्राची मापं बदलू नयेत, असं माझं मत.

महाराष्ट्रात हे जसंच्या तसं उतरणार नाही. राज्यातली सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरच्याही आत आहे. एक हेक्टरचा चौकोनी तुकडा १०० मीटर बाय १०० मीटर. त्यात उत्पादनाच्या नोंदी २० मीटरने सरकल्या तर विभागांत काय उरलं? शिवाय ऊस कारखान्याच्या काट्यावर मोजला जातो, म्हणून शेताचं टनेज कळतं, शेतातल्या कोपऱ्याचं नाही. मात्र इथे खत बहुधा हातानेच टाकलं जातं, आणि माणसाच्या हाताला मात्रा बदलायला वेगळं यंत्र लागत नाही. मुरूम कुठे वीतभरावर लागतो आणि कुठे कुदळ पूर्ण बुडाली तरी लागत नाही, हे दहा-दहा पावलांवर लोखंडी सळई ठोकून नोंदवता येतं. काळ्या जमिनीच्या खोलीचा असा नकाशा आणि त्यावरून काढलेले दोन-तीन वेगळे मातीचे नमुने, एवढं वाहकतेच्या यंत्राशिवाय जमतं. आज बहुतेक ठिकाणी माळाकडची आणि ओढ्याकडची माती एकाच पिशवीत मिसळून तपासायला जाते, आणि येणारा आकडा दोन्हींपैकी कशाचाच नसतो.

सेंट्रॅलियाच्या शेतात पुढे काय झालं? १९९३ ते २००२ या दहा वर्षांच्या उत्पादन-नकाशांवर खर्च आणि भाव चढवून नफ्याचे नकाशे केले गेले. उथळ पोयट्याच्या बऱ्याच भागाला मका वर्षानुवर्षं तोट्यात घालत होता, असं त्यांत दिसलं. तिथे खताचं कुठलंही माप उपयोगाचं नव्हतं, कारण अडचण अन्नद्रव्याची नव्हती, पाण्याची आणि वाहून गेलेल्या मातीची होती. २००४ पासून त्या भागात मक्याऐवजी गहू घेतला. नांगरट बंद केली आणि दोन पिकांमध्ये जमीन झाकणारी पिकं लावली. स्फुरद, पालाश आणि चुना जागेनुसार बदलत्या मात्रेने दिला, आणि नत्राचं माप उभ्या मक्याच्या पानांचा रंग वाचणाऱ्या सेन्सरवर सोडलं. दशकभरानंतर २०१७ साली मॅट योस्ट आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. आधीच्या पद्धतीच्या तुलनेत सोयाबीनचं उत्पादन काही वाढलं नव्हतं. बदल दिसला तो उथळ भागात, जिथे मक्याच्या जागी आलेल्या गव्हाचं उत्पादन एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत पूर्वीइतकं हेलकावत नव्हतं.